शेळीच्या दुधात करडांचा वाटा

घरच्या चहाला आणि सासूबाईंच्या रात्रीच्या पेलाभर दुधाला पुरावं, एवढ्यासाठी आम्ही शेळी पाळली. आमचं गाव नाशिक जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात. गाईला लागणारी वैरण आमच्याकडे नाही. शेळी बांधावरच्या पाल्यावर निभावेल असा विचार होता, आणि तो खरा ठरला. दुधाचा हिशेब मात्र पहिल्या वेताला पार चुकीचा निघाला. दोन लिटरची शेळी म्हणून आणली आणि पहिला महिनाभर घरात चहापुरतंही दूध येईना. शेळीत खोट नव्हती. ती दूध द्यायची, पण दोन करडं ते आमच्याआधी पिऊन मोकळी व्हायची, आणि तसंच व्हायला हवं होतं. तीन किलोचं एक करडू दिवसाला अर्धा लिटर दूध सहज पितं. दोन करडांचं लिटरभर झालं. उरलं ते आपलं.

म्हणून जात निवडतानाच करडांचा वाटा धरून चालावं. मराठवाड्याची काळीभोर उस्मानाबादी काटक आहे, जुळी देते, पण तिची खरी किंमत मटणाला. बहुतेक उस्मानाबादी शेळ्यांचं दूध करडं मोठी होण्यापुरतंच असतं. संगमनेरी दोन्हीकडे बरी, तरी चांगली असली तर लिटरभर, क्वचित त्याहून अधिक. ज्यांना दूधच हवंय त्यांनी सुरती बघावी. खानदेशात तिला खानदेशी, निवाणी असंही म्हणतात. पांढरी, आखूड केसांची, मोठ्या कासेची. चांगली सुरती दोन लिटरपर्यंत जाते. तिला लांब चालवत नाही, पण घराशी बांधून पाळायची असेल तर ते सोयीचंच. रोज चार कोस रानात न्यायची असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. जमनापारीचे लांब कान आणि उंची पाहून भुलणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या हवेत ती कशी टिकली आहे हे जवळपास कुणाच्या गोठ्यात बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

जातीपेक्षाही ती शेळी स्वतः काय देते ते महत्त्वाचं. बाजारात आणलेल्या शेळीची कास तटतटलेली दिसते, कारण आदल्या रात्रीपासून तिची धारच काढलेली नसते. सोबतचं करडू तिचंच असेल याचीही खात्री नसते. माझा शिरस्ता आता असा: शेळी मालकाच्या घरी बघायची, संध्याकाळी आपल्यासमोर कास पूर्ण रिकामी करून घ्यायची, करडं रात्रभर वेगळी बांधायला सांगायची आणि सकाळी पुन्हा जाऊन धार काढायची. ते दूध रात्रीचं खरं दूध. धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडली पाहिजे. तशीच भरीव राहिली तर ते दूध नव्हे, मांस. सड मुठीत मावतील एवढे असावेत आणि दोन्हीतून सारखी धार यावी. दातांवरून वय बघताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची शेळी धरावी. पहिलारू स्वस्त मिळते, पण तिचं दूध अजून कळलेलं नसतं आणि धारेची सवयही नसते.

शेळी साधारण पाच महिने, म्हणजे 150 दिवस गाभण राहते. फळवल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ती हाताशी नसली की शेवटचे दोन महिने कधी सुरू झाले ते कळत नाही, आणि त्या दोन महिन्यांत शेळी आटवायलाच हवी. पोटातलं करडू याच काळात झपाट्याने वाढतं. तेव्हाही आपण धार काढत राहिलो तर करडं लुळी निघतात आणि पुढच्या वेताचं दूधही घटतं. आटवताना आधी आंबोण कमी करायचं, मग एक वेळची धार बंद करायची, मग दुसऱ्या वेळची. कास आटली की आंबोण पुन्हा हळूहळू सुरू करायचं. आंत्रविषाराची लस व्यायच्या महिनाभर आधी टोचून घेतली की चिकातून करडांनाही संरक्षण मिळतं.

व्यायची वेळ आली की शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, कास ताठ होते, शेळी उठबस करते, पायाने जमीन उकरते. बहुतेक शेळ्या आपल्या मदतीशिवाय वितात. आधी दोन पुढचे खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं तर शांत बसावं. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि काहीच दिसेना, किंवा नुसतं डोकं आलं, नुसतं शेपूट आलं, तर स्वतः ओढाओढ करू नये, डॉक्टरांना बोलवावं. करडू पडलं की नाकातोंडातला चिकटा पुसायचा आणि ते शेळीपुढे चाटायला ठेवायचं. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून बांधायची, खालून स्वच्छ ब्लेडने कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. वार काही तासांत आपोआप पडते. बारा तास उलटले तरी अडकून असेल तर तीही डॉक्टरांनीच बघायची. ओढून काढली तर गर्भाशय सुजतं.

मग चीक. पहिल्या तासाभरात करडाच्या पोटात तो गेलाच पाहिजे. आधी दोन्ही सडांतून एकदोन धारा काढून टाका, कारण सडाच्या तोंडाशी मेणासारखा खडा बसलेला असतो आणि अशक्त करडाला तो निघत नाही. दोन-अडीच किलोच्या करडाला पहिल्या दिवसभरात 200 ते 250 मिलिलिटर चीक लागतो, थोडाथोडा, अनेक वेळा. शेळीचा खरवस करायचा मोह झालाच तर करडांची पोटं हाताने चाचपून बघावी.

दोन-तीन आठवड्यांनी करडं पाला हुंगायला, कुरतडायला लागली की घराचा वाटा सुरू होतो. रात्री आठच्या सुमारास करडं वेगळ्या खुराड्यात घालायची, सकाळी साडेसहाला धार काढायची आणि मग करडं दिवसभर शेळीजवळ सोडायची. आमच्या दोन लिटरच्या शेळीचं या रीतीने सकाळचं पाऊण लिटर मिळू लागलं, बाकीचं करडांना. तीन महिन्यांनी दूध तोडल्यावर दोन्ही वेळा धार काढता येते, पण तोवर शेळीचं दूधही उतरणीला लागलेलं असतं. दोन लिटर गुणिले तीस दिवस असा गुणाकार म्हणूनच कधी खरा ठरत नाही.

याच काळात आमच्याकडे एक प्रकार घडला. जुळ्यांपैकी बोकड विकला. राहिलेली पाठ सवयीने आपल्याच बाजूच्या सडाला लागायची. सकाळी आम्ही दोन्ही सड पिळायचो, पण दिवसभर दुसरी बाजू तुंबून राहू लागली. शेळी मागचा पाय फाकवून चालायला लागली आणि धारेला हात लावू देईना. कासेची ती बाजू गरम आणि टणक लागली. ही दगडी. दुधात डोळ्याला दिसतील असे कण होते. डॉक्टरांनी औषध दिलं आणि त्या औषधाचा अंश जाईपर्यंत ते जितके दिवस सांगतील तितके दिवस दूध घरात घ्यायचं नाही, असं बजावलं. कास वाचली, पण त्या बाजूचं दूध त्या वेतात पुन्हा पूर्वीइतकं आलं नाही. तेव्हापासून एक करडू विकलं की संध्याकाळी त्या बाजूची धार आम्ही काढतोच. आणि रोज पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर घेतो. गुठळी, कण, पाणचट रंग, जे असेल ते तिथे लगेच दिसतं.

धार काढण्याची बाकीची रीत सोपी आहे. वेळ ठरलेली हवी. शेळीपुढे आंबोण ठेवायचं, कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसायची, पान्हा सोडला की चार-पाच मिनिटांत आटपायचं. सड पूर्ण मुठीत धरून वरून खाली बोटं मिटत जायची. अंगठा दुमडून सड ओढण्याची सवय पुष्कळांना असते, त्याने सडाला आतून इजा होते. धार झाल्यावर सडाचं तोंड थोडा वेळ उघडं राहतं. तेवढ्यात शेळी ओल्या लेंड्यांवर बसू नये म्हणून हिरवा पाला तेव्हाच टाकायचा. दुधाला उग्र वास येतो अशी तक्रार असेल तर बोकड कुठे बांधलाय ते बघा. त्याला लांब बांधलं आणि भांडं स्वच्छ असलं की वास राहत नाही.

खाण्यात बहुतेक घरं फसतात ती मोजमापात. पस्तीस किलोच्या शेळीला दोन-अडीच किलो हिरवा पाला, पाऊण किलो तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट आणि आंबोण, एवढं पुरतं. शेवरी, हादगा, सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा, सगळं चालतं, फक्त सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊ नये. पाण्यावाचून वाढ खुंटलेली कोवळी ज्वारी चुकूनही नको, तिचं विष चढतं. आंबोण अंगापुरतं 200 ग्रॅम आणि वर लिटरमागे 300 ग्रॅम. हा लिटर मोजताना तांब्यात आलेलं दूध धरू नका, करडांनी प्यायलेलंही त्यात मिळवा. पाऊण लिटर घरी आणि पाऊण करडांना, म्हणजे दीड लिटर. त्याचं 450 आणि अंगाचं 200, मिळून 650 ग्रॅम, दोन वेळांत विभागून. नुसतं तांब्यातलं दूध धरलं की शेळी महिनाभरात बरगड्या दाखवू लागते. दहा किलो आंबोणासाठी मक्याचा भरडा 4 किलो, शेंगदाणा पेंड अडीच, तूर चुनी 2, गव्हाचा कोंडा 1 किलो 200 ग्रॅम, क्षार मिश्रण 200 ग्रॅम आणि मीठ 100 ग्रॅम. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती फेकून द्या. बुरशीचं विष दुधात उतरतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुरणपोळ्या आणि भात शेळीला घालण्याची आपल्याकडे रीतच आहे. आमच्याकडेही घातल्या गेल्या, मुलांनी कौतुकाने. संध्याकाळपर्यंत रवंथ बंद, डावी कूस फुगलेली, मग आंबूस वासाची हगवण. धान्य आणि गोड एकदम पोटात गेलं की आत आम्ल तयार होतं आणि शेळी दोन दिवसांत जाऊ शकते. आमची वाचली, कारण डॉक्टर वेळेवर आले. धान्य वाढवायचं झालं तर दोन-तीन दिवसांआड मूठभर वाढवावं, आणि शिळं अन्न एखाद्या पोळीच्या पुढे जाऊ देऊ नये.

वर्षभर दूध हवं असेल तर शेळ्या दोन हव्यात. एक दिवाळीच्या सुमारास व्यायली की मार्चपर्यंत बरं दूध देते. तिला फेब्रुवारीत फळवली तर ती जुलैत विते, आणि मेपासून तिला आटवायचं. दुसरी डिसेंबरात फळवून मेमध्ये व्यायला आणली की उन्हाळा-पावसाळ्याचं दूध तिचं. मध्ये एप्रिलचा महिना तरी रिकामा जातो, तेव्हा डेअरीवरून दूध आणायचं. दूध कुठल्याही शेळीचं असो, उकळूनच घ्यावं, कच्च्या दुधातून माल्टा तापासारखा आजार माणसाला लागतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी ते देऊ नये, कारण त्यात फोलेट फार कमी असतं.