सर्वज्ञात की संदर्भ हवा?

प्रश्न : प्रबंधात कोणत्या विधानाला संदर्भ द्यायचा आणि कोणत्याला नाही, हे कसे ठरवावे?

उत्तर : विधान प्रसिद्ध आहे का, यापेक्षा जाणकारांत त्यावर वाद आहे का, हे आधी पाहा. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ मध्ये रायगडावर झाला, याला तळटीप नको. कोणत्याही इतिहासग्रंथात ते सापडते. जन्मतिथी मात्र शाळकरी मुलांनाही पाठ असली, तरी संदर्भ मागते. जुनी पुस्तके शके १५४९चा वैशाख सांगतात, तर जेधे शकावलीत शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, आहे. तुम्ही एक तिथी लिहिली की एका बाजूचे झालात. मग आधार दाखवावाच लागतो.

विज्ञानातही तसेच. समुद्रसपाटीला पाणी सुमारे १०० अंश सेल्सियसला उकळते, उंचीवर त्याहून कमी तापमानाला, हे पाठ्यपुस्तकी ज्ञान. पण ‘महाबळेश्वरला अमुक अंशाला उकळले’ म्हणालात, तर तो आकडा कोणीतरी मोजलेला असतो. त्याचे नाव द्या. तुम्हीच मोजला असेल तर पद्धत लिहा.

वाचकवर्गही पाहा. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना जीवशास्त्राच्या परीक्षकाला सांगावी लागत नाही. इतिहासाच्या प्रबंधात ती आली तर एखादा संदर्भ दिलेला बरा. शंका उरली तर संदर्भ द्या. जास्तीच्या तळटिपेवर परीक्षक फार तर कुरकुरेल.