एनपीएस आणि म्युच्युअल फंड : दोन्हींचा हिशोब एकाच कागदावर

शिक्षक मित्रांनो, 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या आपल्या सगळ्यांच्या पगारातून एनपीएसची कपात होते. बरेच जण शिवाय म्युच्युअल फंडात एसआयपीही करतात. पण दोन्हींचा हिशोब वेगवेगळा ठेवला जातो आणि घोटाळा तिथेच होतो.

आधी एनपीएसमध्ये काय आहे ते पाहू. सरकारी कर्मचाऱ्याने वेगळा पर्याय निवडला नसेल, तर पैसे ठरलेल्या योजनेत जातात. तिथे शेअर्सचा वाटा कमीच असतो; हिशोबासाठी तो 15 टक्के धरू. उरलेले पैसे सरकारी व कंपन्यांच्या रोख्यांत असतात. म्हणजे एनपीएस हा आपल्या बचतीतला मुख्यतः रोख्यांचा भाग झाला.

आता उदाहरण घेऊ. साताऱ्यातील एक शिक्षिका आणि सांगलीतील एक शिक्षक, दोघांचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता 60,000 रुपये धरू. स्वतःचे 10 टक्के म्हणजे 6,000 आणि शासनाचे 14 टक्के म्हणजे 8,400, असे महिन्याला 14,400 रुपये जमा होतात. त्यातले 15 टक्के धरले, तर शेअर्समध्ये जातात 2,160.

दोघांचीही एसआयपी 5,000 ची आहे. साताऱ्याच्या बाईंनी निम्मे शेअर, निम्मे रोखे असलेला हायब्रीड फंड घेतला. त्यांच्या एकूण 19,400 पैकी शेअर्समध्ये गेले 4,660, म्हणजे 24 टक्के. सांगलीच्या सरांनी निफ्टी इंडेक्स फंड घेतला. त्यांचे 7,160 गेले, म्हणजे सुमारे 37 टक्के. बाईंना वाटत होतं आपण निम्मे-निम्मे केलंय, प्रत्यक्षात पाऊण भाग रोख्यांतच आहे. रोखे एनपीएसमध्ये आधीच भरपूर आहेत, मग एसआयपीत पुन्हा कशाला?

धोकाही मोजून पाहा. शेअर बाजार 30 टक्के पडला, तर सरांची या प्रमाणातली एकूण बचत साधारण 11 टक्के घटेल, बाईंची 7 टक्के. तेवढी घट सोसवत नसेल तर बाईंचाच मार्ग बरा.

निवृत्तीच्या वेळी सरकारी कर्मचाऱ्याला एनपीएसच्या किमान 40 टक्के रकमेतून वार्षिकी घ्यावी लागते. ती दरमहा मिळते, पण करपात्र असते आणि साधारणपणे महागाईबरोबर वाढत नाही. ही तूट म्युच्युअल फंडाने भरायची. म्हणून शेवटच्या चार-पाच वर्षांत फंडातली रक्कम थोडी थोडी करून रोख्यांच्या फंडात हलवावी. राज्याच्या सुधारित निवृत्तीवेतनाचा पर्याय दिलेल्यांचा हिशोब मात्र वेगळा होतो.

एक काम आजच करा. प्रान क्रमांकाने एनपीएसचे विवरण काढा आणि पगारपत्रकाशी महिनावार ताडून बघा. स्वतःची कपात दिसते पण शासनाचा वाटा दिसत नाही, किंवा एखादा महिनाच गायब आहे, असे आढळले तर आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना लेखी कळवा. खात्यात न पोहोचलेला पैसा गुंतवला जात नाही, मग तो वाढणार कुठून?