सभेआधीची प्रार्थना : अनुभवाचे बोल

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत भांडण होणार हे यंदा सगळ्यांनाच ठाऊक होतं. लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी, पाहुण्यांच्या गाड्या आणि माझ्या छतातून गळणारं पाणी. म्हणून सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "बाई, सुरुवातीला एखादी प्रार्थना ठेवू. डोकी जरा थंड राहतील. तुम्हीच लिहून द्या, तुमचं मराठी चांगलं आहे." शाळेत आयुष्य गेलं की अशी कामं आपसूक आपल्या दारात येतात.

कुणीतरी पसायदान सुचवलं होतं. मी नको म्हटलं. ज्ञानेश्वरांनी ते ग्रंथ पूर्ण झाल्यावर मागितलेलं दान आहे, भांडणाला बसण्याआधीचं नव्हे. शिवाय दुर्जनांचा वाकडेपणा जावो अशी ओळ आली की आमच्याकडे निम्मी सभा तळमजल्यावरच्या काकांकडे वळून बघणार. देवाचं नाव घेऊन टोमणा मारायची सोय कशाला करून द्या? दुसऱ्या मजल्यावर ख्रिस्ती कुटुंब आहे, चौथ्यावर मुसलमान. ते बिचारे कशालाही उभे राहतात, पण नुसतं उभं राहणं वेगळं आणि आपणही मागतो आहोत असं वाटणं वेगळं. म्हणून साध्या गद्यात लिहिलं. ते असं :

"ज्याला आम्ही वेगवेगळ्या नावांनी हाक मारतो, त्या तुला आम्हां शेजाऱ्यांची विनंती. आज इथे पैशांचं बोलणं होईल, पाण्याचं होईल, गाड्यांच्या जागेचं होईल आणि आवाज चढतील. समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत आम्हाला गप्प राहता येऊ दे. ज्याची तक्रार क्षुल्लक वाटते, त्याच्या घरी एकदा जाऊन बघण्याची बुद्धी दे. जो खुर्चीत बसला आहे, त्याला आधी ऐकण्याचा आणि मग उत्तर देण्याचा धीर दे. ज्याच्या हाती दप्तर आहे, त्याला कागद दाखवताना संकोच वाटू देऊ नको. जे ठरेल ते तसंच लिहिलं जाऊ दे. आणि उद्या जिन्यात भेटल्यावर एकमेकांना ओळख देता येईल, एवढंच आज आमच्या तोंडून बोललं जाऊ दे."

सभा खाली पार्किंगमध्ये होती. कोरम भरेना, म्हणून नोटिशीत लिहिल्याप्रमाणे अर्धा तास तहकूब होऊन पुन्हा सुरू झाली. प्रार्थना चेअरमनसाहेबांनी स्वतः वाचली. मी हात जोडून ऐकत होते. गप्प राहण्याचं वाक्य आलं, क्षुल्लक तक्रारीचं आलं, आणि मग एकदम जिन्यातली ओळख. खुर्ची नाही, दप्तर नाही. क्षणभर वाटलं, ओळ चुकली असेल. वयपरत्वे होतं.

मागचं इतिवृत्त झालं, हिशेब झाले, लिफ्टवरून तासभर घसे बसले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, आम्ही लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, आम्ही का द्यायचं? त्यांना कुणी मध्ये तोडलं नाही. माझा विषय 'ऐनवेळचे विषय' यात ढकलला होता, म्हणजे लोक चपला शोधायला लागतात ती वेळ. मी उठले. वरच्या बाथरूममधून पाणी झिरपतं, छताची पुट्टी फुगून पोपडे पलंगावर पडतात, अर्ज दिला तरी कुणी पाहायला आलं नाही, एवढं जेमतेम सांगून झालं असेल. चेअरमनसाहेब हसले आणि माइकवरून म्हणाले, "बाई, आत्ताच आपण देवाकडे धीर मागितला ना? तुम्हीच लिहिलाय. मग जरा धीर धरा."

सगळे हसले. वरच्या मजल्यावरचे तर मोकळेपणी हसले.

सभा संपल्यावर टेबलावर तो कागद तसाच पडला होता. माझ्याच अक्षराची झेरॉक्स. खुर्चीचं आणि दप्तराचं, अशी दोन्ही वाक्यं निळ्या बॉलपेनने खोडलेली, एकदा नव्हे, गिरवून गिरवून. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याच्या छतातून पाणी गळतं त्याच्याजवळ धीर असतोच, नाहीतर तो अर्ज लिहीत बसला नसता. धीर कमी असतो तो ऐकणाऱ्याकडे. आणि त्यानेच आपल्या वाटचं वाक्य खोडून त्यातला धीर तेवढा मला सुनावला.

आता तुमच्यासाठी. प्रार्थना ठेवायची असेल तर ती चेअरमन किंवा सेक्रेटरीने वाचू नये. ज्याचा एकही विषय पटलावर नाही अशा कुणालाही द्या, कॉलेजातली मुलगी चालेल. वाचण्याआधी प्रती खुर्च्यांवर ठेवा, म्हणजे गाळलेलं वाक्य सगळ्यांना दिसतं. ती कोरम झाल्यावर किंवा तहकूब सभा पुन्हा सुरू झाल्यावर आणि मागचं इतिवृत्त वाचण्याआधी घ्या. आधी घेतली तर उशिरा येणारे भांडायला ताजेतवाने येतात. मिनिटभराहून मोठी नको, गुडघ्यांचाही विचार करावा. 'संयम', 'सलोखा', 'एकोपा' असले शब्द त्यात घालू नका. ते कुणालाच बांधत नाहीत, म्हणून सगळ्यांना आवडतात. कोण काय करणार हे लिहा.

आणि प्रार्थनेवर विसंबू नका. सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी यायला हवी. ती येण्याच्या आधीच आपला विषय लेखी द्या, विषयपत्रिकेत घ्या असं स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ऐनवेळचा विषय घ्यायचा की नाही हे अध्यक्षांच्या मर्जीवर असतं, छापील विषय वगळणं तितकं सोपं नसतं. गळतीचा फोटो जोडा. आदर्श उपविधीही वाचून ठेवा. पावसाचं किंवा सामायिक पाइपचं पाणी गळलं तर खर्च सोसायटीचा, कुणाच्या बाथरूम-संडासातून किंवा सिंकमधून गळलं तर त्या सदस्याचा. लिफ्टच्या दुरुस्ती-देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापरा किंवा वापरू नका. हे दोन नियम आमच्या सभेत कुणी मोठ्याने वाचले असते तर एक तास आणि माझा अपमान दोन्ही वाचले असते. असो.

इतिवृत्ताच्या मसुद्यात "सभेची सुरुवात प्रार्थनेने झाली" असं ठळक लिहून आलं, गळतीचा उल्लेख नव्हता. मी लेखी हरकत घेतली आहे आणि पोच घेतली आहे. इथे भागलं नाही तर उपनिबंधकांकडे अर्ज करणार.

वरची प्रार्थना कुणाला हवी असेल तर खुशाल घ्या, देवाचं नाव बदला, विषय बदला. खुर्चीचं आणि दप्तराचं, ही दोन वाक्यं मात्र कुणालाही खोडू देऊ नका.