लेन्स, झोप आणि कॉर्नियाचा श्वास

कॉर्निया म्हणजे बाहुलीसमोरचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. डोळा मिटला की ही वाट बंद होते. मग पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर भागवावे लागते आणि तिथे प्राणवायूचा दाब उघड्या डोळ्याच्या साधारण एक-तृतीयांशच असतो. त्यामुळे लेन्स न वापरणाऱ्याचा कॉर्नियाही रात्री तीन-चार टक्के सुजतो आणि डोळे उघडल्यावर थोड्या वेळात पूर्ववत होतो.

लेन्स घालून झोपले, की या अपुऱ्या पुरवठ्यात आणखी एक आडपडदा येतो. प्राणवायू कमी पडला की कॉर्नियाच्या पेशी त्याच्याशिवायच ग्लुकोजपासून ऊर्जा काढतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होते. ते कॉर्नियाच्या मधल्या थरात साठते व पाणी ओढून घेते. सर्वांत आतल्या थरातील पेशी हे पाणी सतत बाहेर टाकत असतात. पण त्यांचा वेग अपुरा पडला, की सूज वाढते.

लेन्समधून किती प्राणवायू पार होतो, हे Dk/t या आकड्यावरून कळते. होल्डन आणि मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये काढलेल्या मर्यादेनुसार दिवसा वापरण्यासाठी हा आकडा किमान २४ आणि रात्रभरासाठी किमान ८७ असावा. साध्या हायड्रोजेल लेन्स पहिल्या मर्यादेच्या आसपास असतात. अनेक सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स दुसरी गाठतात. मात्र हा आकडा साधारणतः उणे ३ नंबरच्या लेन्सच्या मध्यभागाचा असतो. उणे ७ ची लेन्स कडेला बरीच जाड असल्यामुळे तिथे प्राणवायू कमीच पोहोचतो.

समजा, Dk/t २५ असलेली हायड्रोजेल लेन्स सकाळी सातला घातली आणि ती तशीच ठेवून पुणे-नागपूर रात्रीच्या गाडीत झोप काढली. पहाटेपर्यंत कॉर्निया सुमारे दहा टक्के सुजू शकतो. दिव्यांभोवती वलये दिसतात, नजर धुरकट होते, लेन्स चिकटल्यासारखी वाटते. अशा वेळी ती ओढून काढल्यास वरचा थर खरवडला जातो. वंगण देणारे थेंब घालून, उघडझाप करून, लेन्स सरकू लागल्यावरच ती काढावी. वेदना नसणे हा दिलासा नव्हे. प्राणवायूच्या तुटवड्याने कॉर्नियाची संवेदना मंदावते, त्यामुळे खरे दुखणे कधीकधी लेन्स काढल्यानंतर काही तासांनी सुरू होते. डोळा पूर्ण निवळेपर्यंत चष्मा वापरावा.

हेच महिनोन्‌महिने चालले, तर कॉर्नियाच्या कडेवरून बारीक रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. आतल्या थरातील पेशींचे आकार लहान-मोठे होतात. या पेशी मेल्या तर माणसात त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. हे बदल वापरणाऱ्याला जाणवत नाहीत, तपासणीच्या स्लिट लॅम्पखाली किंवा पेशींच्या छायाचित्रातच दिसतात.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या, तेव्हा सुजेबरोबर जंतुसंसर्गही घटेल अशी अपेक्षा होती. सूज घटली, संसर्ग घटला नाही. सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या दर १०,००० जणांमागे वर्षाला साधारण दोन ते चार जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग होतो; लेन्स घालून झोपणाऱ्यांत हे प्रमाण वीसच्या घरात जाते, आणि नव्या लेन्समध्येही ते जवळपास तेवढेच राहिले. मिटलेल्या डोळ्यात लेन्सखालचे अश्रू साचून राहतात आणि लेन्सवरचे जंतू तासन्‌तास कॉर्नियाला चिकटून असतात. स्यूडोमोनास हा जंतू तर काही दिवसांतच कॉर्नियाला भोक पाडू शकतो.

मासिक लेन्सची मुदत पाकीट फोडल्यापासून तीस दिवस मोजायची असते, वापरलेल्या दिवसांची बेरीज करून नव्हे. जुन्या लेन्सवर प्रथिनांचा थर बसतो आणि त्यावर जंतू सहज चिकटतात. दुपारच्या डुलकीलाही लेन्स काढायलाच हवी.

लेन्स काढूनही दुखणे, लाली, उजेड सहन न होणे, नजर मंद होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सोबत लेन्स व तिची डबी न्यावी, म्हणजे त्यातील जंतूंची तपासणी करता येते. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत, कारण त्यांनी लाली उतरते आणि आतला संसर्ग वाढत राहतो. डोळ्यावर पट्टीही बांधू नये; पट्टीखाली डोळा पुन्हा मिटलेल्या अवस्थेतच राहतो.