टीव्हीवर चालू, बंद मात्र भलतीकडेच

टीव्हीवरचं एक सबस्क्रिप्शन बंद करण्यात माझे किती पैसे गेले आणि किती महिने गेले, हे सांगत बसत नाही. आकडा मोठा नव्हता, पण "घेताना वाचून घ्यायचं ना" हे ऐकावं लागलं ते अजून मनातून जात नाही. त्या वाक्यालाच मला उत्तर द्यायचं आहे. तिगावात काय किंवा पांढुर्णा-सौंसरच्या कुठल्याही गावात काय, टीव्ही म्हणजे डिशचा रिचार्ज, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पैसे भरले की चित्र येतं आणि संपले की पडदा काळा होतो. बंद करायला काहीच करावं लागत नाही, नुसतं भरायचं थांबलं की झालं. स्मार्ट टीव्हीवरचं सबस्क्रिप्शन नेमकं उलटं चालतं. तिथे आपण काहीच केलं नाही, तर पैसे जातच राहतात. हा फरक कोणी समजावून सांगत नाही. पडद्यावर एक चौकोनी क्यूआर येतो, घरातलं पोरगं फोनने तो स्कॅन करतं, एक-दोन रुपयांत काही दिवस बघायला मिळणार म्हणून पिन टाकला जातो. तो पिन त्या दोन रुपयांपुरता नसतो. दर महिन्याला न विचारता पैसे काढायची परवानगी, म्हणजे ऑटोपे, त्यातच दिलेली असते. फोनवर तसं लिहिलेलं असतं, नाही असं नाही. पण पिन टाकायच्या घाईत ते कोण वाचतं?

मग बंद करायची वेळ येते आणि माणूस रिमोट घेऊन बसतो. ॲपच्या सेटिंग्जमध्ये भाषा सापडते, चित्राचा दर्जा सापडतो, लहान मुलांचं कुलूप सापडतं. "बंद करा" काही सापडत नाही. यावर बहुतेक जण ॲपच काढून टाकतात आणि सुटलो म्हणतात. ते सुटलेले नसतात. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही, टीव्ही रिसेट केला तरी होत नाही, टीव्ही विकला तरी होत नाही. कारण हा व्यवहार टीव्हीशी झालेलाच नसतो, तो एका खात्याशी झालेला असतो. ते खातं कोणाचं, हा आपल्याकडचा खरा घोळ आहे. टीव्ही बसवायला आलेला माणूस घाईत नवीन जीमेल काढून देतो आणि पासवर्ड कोणी लिहून ठेवत नाही. किंवा नागपूरला नोकरीला असलेला मुलगा पोळ्याला घरी येतो, आपलं खातं टाकून जातो आणि बापाला वाटतं टीव्ही आपला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की टीव्हीत शोधू नका, पैशाच्या मागे जा. पैसे तिघांपैकी कोणीतरी घेतं: ॲपची कंपनी स्वतः, टीव्हीतल्या ॲपच्या दुकानाचा मालक (म्हणजे गुगल, ॲमेझॉन वगैरे) किंवा मोबाईल-इंटरनेटची कंपनी, जिच्या पॅकमध्ये ते ॲप आलेलं असतं. जो घेतो त्याच्याच दारात रद्द होतं, बाकीचे दोघे हात वर करतात. कोण घेतो हे ओळखायची सोय रिझर्व्ह बँकेने करून ठेवली आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरच्या अशा कपातीआधी किमान 24 तास बँकेने कळवावं लागतं, आणि त्या संदेशात कोण घेणार, किती घेणार, कधी घेणार हे असतं. आपण तो जाहिरात समजून पुसून टाकतो. पुसू नका, त्यातलं नाव वाचा.

समजा गुगल टीव्ही आहे आणि संदेशात ॲपचं नाव नसून Google Play आहे. मग ॲपच्या मदत केंद्राला फोन करण्यात अर्धा दिवस घालवू नका, ते "गुगलला विचारा" म्हणतील आणि ते खरंही असेल. ज्या जीमेलवर गुगलची पावती आली तेच खातं शोधायचं. पावतीवरचा ऑर्डर क्रमांक GPA ने सुरू होतो. ते खातं फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये उघडायचं, वरच्या गोल चित्रावर दाबायचं, तिथे Payments & subscriptions, त्यात Subscriptions, मग ते ॲप आणि Cancel subscription. यादी रिकामी दिसली, तर सबस्क्रिप्शन नाही असं समजू नका, तुम्ही दुसऱ्याच जीमेलवर आहात. इथेच सगळे फसतात. फायर स्टिक असेल आणि पैसे ॲमेझॉन घेत असेल, तर हेच काम ॲमेझॉनच्या साइटवर खात्यातल्या Memberships & Subscriptions मध्ये होतं. पासवर्ड जपून ठेवा वगैरे तर सगळेच सांगतात. मी म्हणेन, ते जीमेल टीव्हीच्या मागेच चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेच बंद करून टाका. करा, जरूर करा. खातं सापडतच नसेल तर तोच एक उपाय उरतो. पण त्याने पैसे थांबतात, सौदा मोडत नाही. समोरच्याच्या वहीत तुम्ही ग्राहकच राहता, "पैसे आले नाहीत, दुसरा मार्ग द्या" असे संदेश येत राहतात आणि घरातल्या कोणी सहज पुन्हा पिन टाकला की गाडी परत सुरू. दोन्ही करावं, आधी रद्द, मग ऑटोपे बंद.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या बाजूचा असतो: रिमोटने टाइप करणं अवघड, पडदा दूर, म्हणून टीव्हीवर ही सोय देता येत नाही. घेताना अवघड जात नाही, ते सोडताना कसं जातं? क्यूआर दाखवून पैसे घेता येतात, तर तसाच क्यूआर दाखवून थेट रद्द करायच्या पानावरही नेता येतं. अमेरिकेत सरकारी व्यापार आयोगाने जून 2023 मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइम सोडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत होते, आणि कंपनीच्या आतच त्या वाटेला एका लांबलचक ग्रीक महाकाव्याचं नाव होतं, असा आयोगाचा आरोप होता. सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरवर ते मिटवलं. आपल्याकडेही 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत फसव्या मांडणीचे 13 प्रकार दिले आहेत, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा नाव घेऊन आहे. रद्द करायची वाट लपवणं किंवा ती किचकट करणं, हे त्यातच मोडतं. तेव्हा "वाचून घ्यायचं ना" म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं. आपल्या घरात बोली मराठी, सरकारी कागद हिंदी आणि पडद्यावरचं बटण इंग्रजी, हा भाग तर मी अजून मोजलाच नाही.

दाद मागायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. फोन करण्याआधी रद्द केल्याचा स्क्रीनशॉट आणि नंतर पैसे कापल्याचा संदेश, दोन्ही तारखेसह जवळ ठेवा; त्यांच्याशिवाय नुसतं रडगाणं होतं. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. आणि पुढच्या वेळी गुगल प्लेवरून काही घेतलंत, तर घेतल्या दिवशीच रद्द करा. भरलेली मुदत संपेपर्यंत चित्र दिसतच राहतं.