‘डेटा मायग्रेशन’ची तीस हजारांची ओळ

शंका : मालवणातील आमच्या जुन्या वाचनालयाची वेबसाइट 2009 साली तयार झाली. तिच्यावर 14,000 पुस्तकांची यादी आणि आमच्या वार्षिकातले 640 लेख आहेत. मजकूर सगळा जुन्या फॉन्टमधला आहे, मोबाइलवर नुसती अक्षरांची भेळ दिसते. नव्या वेबसाइटसाठी 3,20,000 रुपयांचे कोटेशन आले आहे : डिझाइन 1,40,000, बांधणी 1,20,000, डेटा मायग्रेशन 30,000, प्रशिक्षण 10,000 आणि वर्षभराची देखभाल 20,000. निम्मी रक्कम आगाऊ मागतात. आमचे खजिनदार म्हणतात, ‘माझो भाचो ह्यां फुकट करून देतलो.’ काय करावे?
— कार्यवाह, मालवण

समाधान : भाच्याचा विषय आधी संपवतो. वेबसाइट तो करूनही देईल. पण नोकरीसाठी पुण्याला गेला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातील, आणि त्याला जाब विचारायची सोय नाही. त्याला कामाची तपासणी करायला बसवा. तिथे घरच्या माणसाचा खरा उपयोग आहे.

आता कोटेशन. डिझाइन आणि बांधणीच्या रकमा थोड्या चढ्या वाटल्या, तरी त्यावर घासाघीस होऊ शकते. मला खटकते ती तीस हजारांची ओळ. तुमच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग तिथे आहे आणि त्याला रक्कम सगळ्यात घाईत लावलेली दिसते.

अडचण कुठे आहे ते नीट समजून घ्या. श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या व्यवस्थेत संगणकाच्या लेखी ‘म’ हा ‘म’ नसतोच. तिथे कुठलेतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द साठवला जातो तो `ejkBh` असा. तो फॉन्ट मोबाइलमध्ये नसला की आकार गळून पडतो आणि आतला माल उघडा होतो. युनिकोडमध्ये न्यायचे म्हणजे प्रत्येक चिन्हाच्या जागी खरे मराठी अक्षर ठेवायचे. त्यासाठी मजकूर नेमक्या कोणत्या फॉन्टमधला आहे हे आधी कळायला हवे, कारण एकाच घराण्यातल्या DV-TTSurekh आणि DVB-TTSurekh यांची चिन्हेही सारखी नाहीत. पंधरा वर्षांच्या अंकांत तीन डीटीपीवाले बदलले असतील तर तीन तऱ्हेचा मजकूर निघेल, हे धरून चाला.

दुसरी गोष्ट क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलट. क्रम न बदलता नुसती अक्षरे बदलली की ‘सिंधुदुर्ग’चे ‘िसंधुदुगर्’ होते. तुमच्या जिल्ह्याच्या नावातच दोन्ही सापळे आहेत, त्यामुळे चाचणी सोपी आहे. रूपांतर झालेल्या मजकुरात ‘सिंधुदुर्ग’ शोधा आणि छापील अंकात तो शब्द जिथे जिथे आहे तिथे तो सापडतो का ते पाहा. पुढे ‘दर्यावर्दी’, ‘खाऱ्या’, ‘ऑगस्ट’ असे शब्द तपासा. ‘खाऱ्या’तला र आणि ‘ऑ’ची चंद्रकोर हमखास गळते. लेखात मधेच आलेला इंग्रजी शब्दही रूपांतराच्या चरकात सापडतो आणि त्याची अर्थहीन मराठी अक्षरे होतात. तो दोष कोणतेही यंत्र आपणहून सांगत नाही, वाचणाराच पकडतो.

म्हणून रूपांतराचा खर्च यंत्र चालवण्याचा नसतो, वाचण्याचा असतो. 640 लेख, प्रत्येकी वीस मिनिटे, म्हणजे सुमारे 213 तास. दिवसाचे सात तास धरले तर एका माणसाचा महिनाभर. गावातला निवृत्त शिक्षक किंवा मराठी विषयाची विद्यार्थिनी 800 रुपये रोजाने बसली, तरी 24,000 रुपये झाले. पुस्तकांची यादी वेगळ्या रीतीने तपासायची. 14,000 नोंदी वाचू नका. लेखकांची आणि प्रकाशकांची नावे वेगळी काढा, पुनरावृत्ती वजा करा. समजा 3,000 नावे उरली. ती मिनिटाला एक तपासली तर आठवडाभराचे काम, आणि एक नाव दुरुस्त केले की त्या नावाच्या सगळ्या नोंदी सुधारतात. त्याचे 6,000 धरा. म्हणजे तपासणीचे एकूण 30,000, विक्रेत्याच्या तीस हजारांखेरीज. हे काम विक्रेत्याला देऊ नका. त्याच्या मुलांना तुमच्या वार्षिकातली आडनावे आणि वाड्यांची नावे माहीत नसतात.

मी तुमच्या जागी असतो तर मांडणी अशी बदलली असती. पहिला टप्पा फक्त पाहणीचा, 35,000 रुपयांचा आणि स्वतंत्र कराराचा. त्यात विक्रेत्याने फॉन्टची यादी करायची, वेगवेगळ्या वर्षांतले तुम्ही निवडलेले चाळीस लेख आणि पाचशे नोंदी रूपांतरित करून दाखवायच्या आणि चुकांची मोजदाद लेखी द्यायची. त्यानंतरच पुढचा आकडा ठरवायचा. हा टप्पा फसला तर 35,000 गेले, पण पुढचा सगळा खर्च वाचला. पुढे डिझाइन 85,000, बांधणी 90,000, मायग्रेशन 45,000 आणि चाचणी, प्रशिक्षण व बदलाचा दिवस मिळून 20,000. बांधणीची रक्कम एका अटीवर कमी होते : पुस्तकांच्या यादीसाठी नवे सॉफ्टवेअर लिहून घेऊ नका. ‘कोहा’ हे वाचनालयांचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, युनिकोड मराठी चालवते आणि देवघेवही सांभाळते. वेबसाइटवरून त्याला फक्त दुवा द्यायचा.

मायग्रेशन दोनदा होते, हे बहुतेक कोटेशनांत लिहिलेलेच नसते. एकदा तालमीसाठी, दुसऱ्यांदा प्रत्यक्ष बदलाच्या वेळी. मधल्या काळात आलेली पुस्तके जुन्या यादीत चढत राहतात. शेवटच्या आठवड्यात जुन्या यादीत नोंद करणे बंद ठेवा, नवी पुस्तके वहीत लिहा आणि नंतर थेट नव्या व्यवस्थेत चढवा. एवढे केले नाही तर दोन याद्या जुळवण्यात पावसाळा जाईल.

विक्रेत्याचे असे 2,75,000 झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी 49,500. वाचनालय जीएसटीत नोंदलेले नसेल तर ही रक्कम परत मिळत नाही, ती सरळ खर्चात धरा. तुमच्या पत्रातल्या 3,20,000 वरही कर लागायचा आहे, म्हणजे तो आकडा खरे तर 3,77,600 आहे. माझ्या मांडणीत तपासणीचे 30,000, होस्टिंगचे 9,000, तीन महिन्यांच्या हमीनंतर नऊ महिन्यांची देखभाल कर धरून साधारण 32,000 आणि अडीअडचणीला 35,000 मिळवले की बेरीज 4,30,000 च्या आसपास जाते. स्वस्त झाले नाही, हे मान्य. समितीने एवढे मंजूर केले नाही तर डिझाइनवर कात्री चालवू नका, लेखांवर चालवा. शेवटच्या पाच वर्षांचे लेख युनिकोडमध्ये आणा आणि बाकीच्या अंकांची पाने स्कॅन करून तशीच ठेवा. ती वाचता येतील, फक्त शोधता येणार नाहीत. पुढे वर्षाला दोन-तीन अंक करत गेलात तरी चालते.

निम्मे पैसे आगाऊ देऊ नका. सुरुवातीला 15 टक्के, नमुना मान्य झाल्यावर 20, बांधणी पाहिल्यावर 25, मायग्रेशन मान्य झाल्यावर 25 आणि उरलेले 15 वेबसाइट सुरू झाल्यानंतर तीन महिन्यांनी. ‘मान्य’ म्हणजे काय ते करारात लिहा : नोंदींची संख्या दोन्हीकडे जुळली, आणि चिठ्ठ्या टाकून काढलेल्या शंभर लेखांत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त चुका निघाल्या नाहीत. लेख कोणते, हे विक्रेत्याने निवडायचे नाही.

एक खूण लक्षात ठेवा. तालमीनंतर मजकूर `à¤®à¤°à¤¾` असा दिसला तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, तो चुकीच्या संकेतात वाचला जातोय, दुरुस्त होतो. पण जागोजागी `????` दिसले तर अक्षरे साठवतानाच नष्ट झाली आहेत. तिथून काही परत येत नाही, मूळ प्रत घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून जुन्या वेबसाइटची पूर्ण प्रत काम सुरू होण्याआधी तुमच्या कपाटात, तुमच्या हार्डडिस्कवर असली पाहिजे.

शंका : देवबागला आमची सहा घरे मिळून न्याहारी-निवास चालवतो. नव्या वेबसाइटचे काम ऑक्टोबरात सुरू करून डिसेंबरात ती चालू करू, असे विक्रेता म्हणतो. मजकूर आणि फोटो ‘क्लायंटकडून’ असे लिहिले आहे. ठीक आहे ना?
— एक वाचक, देवबाग

समाधान : नाही. डिसेंबरात तुम्ही पाहुणे सांभाळणार की बुकिंग कुठे अडकले ते शोधणार? मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि पाण्यावरचे खेळ बंद असतात. बदल त्या काळात करा. जूनमध्ये बांधणी, जुलैत तालीम आणि गणपतीच्या निदान पंधरा दिवस आधी बदल. चतुर्थीच्या आठवड्यात कोकणात कोणी फोन उचलत नाही, आणि उचलावा अशी अपेक्षाही ठेवू नये. जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे कायमचा वळवून, म्हणजे 301 लावून घ्या. गूगलला नवे पत्ते पचायला काही आठवडे लागतात, ते दिवाळीच्या गर्दीआधी संपलेले बरे.

फोटो मात्र मेच्या आतच. जुलैतला समुद्र काढून तारकर्लीची जाहिरात होत नाही. ‘क्लायंटकडून’ या शब्दाची किंमत घाला : सहा घरांचे फोटो, खोलीनिहाय वर्णन, जेवणाचे दर आणि रद्द करण्याचे नियम कोण लिहिणार, किती दिवसांत? ते वेळेवर न दिल्याने काम लांबले तर विक्रेता वाढीव बिल लावतो, आणि कराराप्रमाणे त्याचे बरोबर असते.

जुन्या बुकिंगपैकी पुढच्या तारखांचीच नवीकडे न्या आणि घेतलेल्या आगाऊ रकमांची बेरीज दोन्हीकडे पैशासकट जुळवा. पाहुण्यांच्या आधारकार्डांच्या जुन्या प्रती नव्या वेबसाइटवर अजिबात चढवू नका. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तो साठा म्हणजे विकतची जबाबदारी आहे.

शंका : आमच्या मंडळाची वेबसाइट सुरू झाली. विक्रेता देखभालीसाठी दरसाल मूळ खर्चाच्या 20 टक्के मागतो. जास्त नाही का?
— एक सभासद, मुंबई

समाधान : त्यात काय मिळते यावर ते ठरते. चूक दुरुस्त करणे वेगळे आणि नवे काही जोडणे वेगळे, हे आधी लिहून घ्या. फॉर्म भरला आणि मेल आला नाही, ही चूक. फॉर्ममध्ये नवा रकाना हवा, हा बदल. चुकीला पैसे नाहीत, बदलाला तासाचा दर. दरमहा बॅकअप घेतला का, एवढे विचारून थांबू नका. तिमाहीतून एकदा तो परत चढवून दाखवायला सांगा. आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच पाहा. विक्रेत्याच्या नावावर असेल तर 20 टक्क्यांची घासाघीस नंतर करा. आधी डोमेन मंडळाच्या नावावर आणा, आणि त्यासाठीचा मोबाइल क्रमांक एकट्या गावाकडच्या सभासदाचा देऊ नका. मे 2021 च्या तौक्तेनंतर किनाऱ्यावर वीज गेली होती, फोनही लागत नव्हते. तशा वेळी मुदत संपायला आली आणि ओटीपी बंद फोनवर गेला तर काही करता येत नाही. दुसरा क्रमांक मुंबईतल्या सभासदाचा ठेवा.