नकारानंतर पुन्हा पत्र

प्रश्न : वेल्ह्याचा आहे, आयटीआय फिटर. शिरवळच्या कंपनीने सीएनसी येत नाही म्हणून नाकारलं. आता तो कोर्स झाला. एचआरला पुन्हा लिहू का?

उत्तर : जरूर लिहा, कारण तुमच्या नकाराचं कारण आणि नवं प्रमाणपत्र यांचा थेट मेळ बसतो. कारण ‘अनुभव कमी’ असतं, तर याच कागदाने फारसं काही हललं नसतं. मात्र ‘फेरविचार करावा’ एवढंच लिहिलंत, तर एचआरला जुना निर्णय चुकला असं मान्य करावं लागतं. ते कुणी सहसा करत नाही. त्याऐवजी मशीनवर चाचणी मागा. मुलाखतीची तारीख, पद, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि कंट्रोलर फानुक की सीमेन्स, हे लिहा. ‘टूल ऑफसेट स्वतः देतो, ड्रॉइंग वाचून जॉब मायक्रोमीटरने तपासतो’ हे वाक्य सुपरवायझरला कागदापेक्षा जास्त सांगतं. अर्थात खरं असेल तरच लिहा, खोटं चाचणीत पाच मिनिटांत उघडं पडतं. जागा भरली असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून पुढच्या भरतीसाठीही विचार व्हावा, असं पत्रातच लिहा. उत्तर नाही आलं, तर दोन आठवड्यांनी एक फोन. त्यापुढे मात्र पिच्छा नको.